‘पडेल ते काम’ म्हणजे नेमके कोणते काम?

मागच्या महिन्यात आमच्या ओळखीचे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आले. चळवळीतल्या घरातले, वस्तीत वाढलेले, शिष्यवृत्तीवर शिकलेले. तालुक्याच्या गावी त्यांनी दवाखाना थाटला आहे. एक परिचारिका, एक कंपाउंडर, एक सफाई कर्मचारी आणि स्वतः डॉक्टर असा कारभार. रुग्ण वाढले, तेव्हा रिसेप्शनिस्टची जागा भरायचे ठरले. जाहिरातीचा मजकूर त्यांनी आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "जयभीम वकीलसाहेब, जरा नजर टाका. कायद्यात काही अडकत नाही ना, एवढेच बघा."

मजकूर असा होता : ‘पाहिजे! पाहिजे! नामांकित क्लिनिकसाठी स्मार्ट, आकर्षक व्यक्तिमत्त्वाची, चांगल्या घरातील अविवाहित तरुणी रिसेप्शनिस्ट म्हणून त्वरित पाहिजे. इंग्रजी अस्खलित, अनुभव आवश्यक. पडेल ते काम करण्याची तयारी हवी. भरघोस पगार 15 ते 25 हजार + पीएफ. फोटो व संपूर्ण बायोडाटासह समक्ष भेटा.’

आम्ही विचारले, "डॉक्टर, हे तुम्ही लिहिले?" ते हसले. म्हणाले, "नाही हो, पेपरातल्या दोन-तीन जाहिराती बघून जुळवले. सगळे असेच लिहितात." खरे आहे. सगळे असेच लिहितात, म्हणूनच हा लेख लिहावा लागतो आहे. ज्या समाजव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला दाराबाहेर ठेवले, तिची भाषा आमचाच शिकलेला माणूस नकळत उतरवून घेतो आणि आपल्या दारावर लावतो! तेव्हा या चार ओळींची एकेक करून झडती घेणे आम्हाला आवश्यक वाटले.

प्रथम पगार. आम्ही विचारले, "प्रत्यक्षात देणार किती?" उत्तर आले, "दहा." मग 25 हजार कुणाचे? "तसे लिहिल्याशिवाय माणसे येत नाहीत." म्हणजे पन्नास माणसे एसटीचे भाडे खर्चून येणार, रांगेत बसणार आणि दहा हजार ऐकून परत जाणार. त्यातली जी अगदी गरजू असेल ती थांबणार. फुगवलेल्या आकड्याचा खरा उपयोग हाच असतो. तो चांगला उमेदवार आणत नाही, अगतिक उमेदवार गाळून देतो.

त्याहून मोठा प्रश्न असा की, दहा हजार तरी कायद्यात बसतात का? 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात वेतन संहिता 2019 लागू झाली आहे आणि किमान वेतनाची तिची तरतूद लहानमोठ्या प्रत्येक आस्थापनेला आहे. चार माणसांचा दवाखाना तिच्यातून सुटत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचा दर कामाचे कौशल्य आणि गावाचे परिमंडळ पाहून ठरतो आणि त्यातला महागाईशी जोडलेला भत्ता जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. म्हणून ‘शेजारचा दवाखाना काय देतो’ ही मोजपट्टी चालत नाही. कामगार खात्याचा त्या सहामाहीचा दरच पाहावा लागतो. आम्ही दोघांनी तो पाहिला. दहा हजार त्यात बसत नव्हते. डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला आणि दरमहा 15 हजारांवर आले. आम्ही म्हटले, आता हाच एक आकडा छापा. ‘पासून-पर्यंत’ नको, ‘भरघोस’ नको, ‘पात्रतेनुसार’ही नको.

पीएफचेही तसेच. भविष्यनिर्वाह निधीचे बंधन साधारणतः 20 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला असते आणि कर्मचारी विमा योजनेचे 10 किंवा अधिकांना. मालकाने स्वेच्छेने पीएफची नोंदणी केली तर गोष्ट वेगळी. परंतु डॉक्टरांनी ती केलेली नव्हती. मग ‘+ पीएफ’ ही तीन अक्षरे म्हणजे शुद्ध थाप झाली. ती त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. आमच्या वाचकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चार माणसांच्या जागी कुणी पीएफ देतो म्हणाला, तर आस्थापनेचा पीएफ कोड क्रमांक विचारावा. नोंदणी असेल तर क्रमांक सांगायला अर्धे मिनिट लागते. नसेल तर विषय बदलला जातो.

आता ‘अविवाहित तरुणी’. वेतन संहितेच्या कलम 3 नुसार एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करता येत नाही. काउंटरवर बसून नाव लिहून घेण्याचे काम पुरुषाला जमत नाही, असे कोण म्हणेल? डॉक्टरांनी एक वाजवी अडचण सांगितली. स्त्री रुग्णाला तपासताना खोलीत दुसरी स्त्री असावी लागते. मुद्दा रास्त आहे, पण ते काम रिसेप्शनिस्टचे नाही. ती खोलीत गेली तर काउंटर कोण सांभाळणार? दवाखान्यात परिचारिका आहे आणि ही जबाबदारी तिच्याकडेच आहे. तेव्हा ‘तरुणी’ गेली, ‘व्यक्ती’ आली. आणि ‘अविवाहित’ कशासाठी? तर लग्न झालेली बाई बाळंतपणाची रजा मागेल म्हणून! हे तोंडाने कुणी बोलत नाही. एका शब्दात छापून मोकळे होतात. परित्यक्ता, विधवा, दोन लेकरांची आई, ज्यांना नोकरीची गरज सर्वांत जास्त, त्या पहिल्या ओळीतच बाद.

‘आकर्षक’, ‘स्मार्ट’, ‘चांगल्या घरातील’ हे शब्द तर आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. चांगले घर कुठल्या गल्लीत असते आणि वाईट घर गावाच्या कुठल्या दिशेला असते, हे आम्ही जन्मापासून ऐकत आलो आहोत. फोटो मागितला की रंग दिसतो, बायोडाटा मागितला की आडनाव दिसते. जात विचारण्याची गरजच उरत नाही.

हा आमचा कांगावा नव्हे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हे मोजून दाखवले आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी एकूण 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव तोडीस तोड; फरक मुख्यतः नावाचा. कुठे उच्चवर्णीय हिंदू नाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एकतृतीयांश. लक्षात घ्या, अजून मुलाखत झालेली नाही, कुणी कुणाचे तोंड पाहिलेले नाही. फक्त लखोट्यातले नाव वाचले गेले.

कायदा इथे काय म्हणतो, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. खासगी दवाखान्याला राखीव जागांचे बंधन नाही. संविधानाचे कलम 16 सरकारी नोकरीपुरते आहे. पण कलम 17 सर्वांवर आहे, आणि नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 च्या कलम 4 नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला नोकरी-धंद्यात आडकाठी करणे हा गुन्हा आहे, मग मालक खासगी का असेना. अडचण कायद्याची नाही, पुराव्याची आहे. नकार देताना कारण कुणी लिहून देत नाही. म्हणून जाहिरातीचे शब्द महत्त्वाचे ठरतात. ज्या जाहिरातीत पात्रता मोजता येईल अशी लिहिलेली असते, तिथे पात्र माणसाला नाकारताना मालकाला कारण द्यावे लागते. जिथे ‘स्मार्ट’ आणि ‘चांगल्या घरातील’ असे लिहिलेले असते, तिथे कोणताही नकार खपून जातो.

परंतु आमच्या मते या मजकुरातले सर्वांत घातक शब्द हे नव्हेत. ते आहेत ‘पडेल ते काम’.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी आली होती. बी.ए. झालेली, टायपिंगची परीक्षा पास. एका दवाखान्यात रिसेप्शनिस्ट म्हणून लागली. पहिले चार दिवस काउंटरवर बसली. पाचव्या दिवशी तिचे पूर्ण नाव रजिस्टरवर चढले आणि सहाव्या दिवशी सफाईवाली आली नाही म्हणून झाडू तिच्या हाती दिला गेला. पुढे तो तिच्याकडेच राहिला. मग संडास, मग ड्रेसिंगच्या रक्ताळलेल्या पट्ट्यांची बादली. शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या मुलीला यातले एकही काम कधी सांगितले गेले नाही. तिने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तुम्हाला सवय असते ना." तिने नोकरी सोडली. महिन्याचा पगारही बुडवला गेला.

आम्ही नोटीस दिली, पगार मिळाला. पण जातीच्या मुद्द्यावर आम्ही पुढे जाऊ शकलो नाही. ते वाक्य ऐकणारा साक्षीदार फिरला आणि समोरच्या वकिलाने जाहिरातीचे कात्रण काढून दाखवले, ‘पडेल ते काम करण्याची तयारी हवी’. म्हणे, हिला आधीच सांगितले होते! तीन शब्दांनी एका मुलीचा अपमान कायदेशीर करून टाकला.

सफाईचे काम हलके आहे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. ज्या माणसाला त्या कामासाठी नेमले आहे, त्याला त्याचे प्रशिक्षण आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. दवाखान्याचा कचरा हा घरचा केर नव्हे. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार तो हाताळणाऱ्याला प्रशिक्षण द्यावे लागते, कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. वापरलेल्या सुया वेगळ्या, न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. लस नाही, हातमोजे नाहीत, अशा मुलीला ‘जरा उचल ते’ म्हणणे हा तिच्या जिवाशी खेळ आहे. ‘पडेल ते काम’ उलट्या बाजूनेही धावते. कंपाउंडर रजेवर गेला की रिसेप्शनिस्टने गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, गर्दी झाली की इंजेक्शन टोचायचे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे आणि सुई धरणे प्रशिक्षित परिचारिकेचे. उद्या रुग्णाला काही झाले, तर पोलीस पहिला प्रश्न विचारतील की सुई कुणी टोचली? पंधरा हजारांच्या नोकरीत त्या मुलीने तुरुंगाची जोखीम का उचलावी?

म्हणून आम्ही डॉक्टरांना म्हटले, जाहिरात बाजूला ठेवा. तुमच्या काउंटरवरचा एक दिवस सांगा. त्यांनी सांगितले आणि आम्ही लिहीत गेलो. आलेल्या रुग्णाचे नाव नोंदवून क्रमांक देणे. जुना केसपेपर शोधणे. फोन घेणे आणि वेळ देणे. फी घेऊन पावती देणे, रोख आणि मोबाइलवरून आलेले पैसे रात्री ताळ्यात बसवणे. तपासणीचा रिपोर्ट आला की रुग्णाला कळवणे. आणि रुग्णाचा आजार काउंटरच्या बाहेर जाऊ न देणे. गावात क्षयरोग किंवा एचआयव्हीची बातमी फुटली तर त्या घराचे काय होते, हे आम्ही पाहिले आहे.

ही यादी समोर आली आणि पात्रता आपोआप ठरली. यात अस्खलित इंग्रजी कुठे लागते? औषधांची आणि तपासण्यांची नावे इंग्रजी अक्षरांत वाचता आली की पुरे. अनुभव कशाला? केसपेपरची पद्धत पंधरा दिवसांत येते. मात्र हे पंधरा दिवस ‘विनावेतन ट्रेनिंग’ नसावेत, पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार असावा. बेरीज-वजाबाकी चोख हवी, आणि मराठीबरोबर कामापुरती हिंदी, कारण वीटभट्टीवरचे परप्रांतीय मजूर याच दवाखान्यात येतात.

वेळेचा प्रश्नही निघाला. दवाखाना सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 9. काम आठ तासांचे, पण दिवस अकरा तासांचा. पाच किलोमीटरवरच्या वस्तीतून येणारी व्यक्ती दुपारी घरी जाऊन परत येणार कशी? जाहिरातीत नुसते ‘आठ तास’ लिहिणे खोटे नाही, पण ते अर्धे सत्य आहे. दोन्ही पाळ्यांच्या वेळा छापायच्या आणि दुपारी थांबायला मागची खोली मिळेल, तेही लिहायचे ठरले.

मग डॉक्टर थोडे अडखळत म्हणाले, "वकीलसाहेब, एक मनातले बोलू? ‘बौद्ध मुलीस प्राधान्य’ असे टाकू का? आपल्याच पोरींना काम मिळेल." त्यांची तळमळ आम्हाला कळली. आमच्या पोरींना दहा ठिकाणांहून हाकलले जाते, मग आपल्या हातात एक खुर्ची आली तर ती आपल्यालाच का नको? पण आम्ही नाही म्हटले. जन्म पाहून खुर्ची देणे हीच जर चूक असेल, तर ती आम्ही केल्याने बरोबर होत नाही. आपल्या पोरींपर्यंत जाहिरात पोहोचवणे वेगळे आणि बाकीच्यांना दार बंद करणे वेगळे. ती विहारात लावा, वस्तीच्या अभ्यासिकेत लावा, मोहल्ल्यात लावा, आदिवासी वसतिगृहात लावा. एरवी अशी जाहिरात जिथे कधीच पोहोचत नाही, तिथे ती न्या. पुढचे काम परीक्षेवर सोडा.

छापण्यापूर्वी आम्ही हा मजकूर त्या बी.ए. झालेल्या मुलीला दाखवला. आज ती एका पतपेढीत आहे. तिने सगळे वाचले आणि एकच प्रश्न विचारला, "यात झाडू कोण मारणार ते लिहिलंय का?" लिहिलेले नव्हते. ती ओळ तिची आहे.

शेवटी जाहिरात अशी झाली :

‘पाहिजे : रिसेप्शनिस्ट, एक जागा. काम : रुग्णांची नोंद, केसपेपर, फोन, फी व पावती, रोजचा हिशेब, रिपोर्ट कळवणे. रुग्णांची माहिती गुप्त ठेवावी लागेल. सफाई, कचरा, औषध देणे व इंजेक्शन ही कामे या पदाची नाहीत. त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी आहेत. पात्रता : बारावी, मराठी लिहिता-वाचता येणे, कामापुरती हिंदी, इंग्रजी अक्षरे वाचता येणे, चोख हिशेब. अनुभवाची अट नाही. संगणकावरील नोंद शिकवली जाईल. शिकण्याच्या काळातही पूर्ण पगार. वेळ : सकाळी 10 ते 2 व संध्याकाळी 5 ते 9, रविवारी सुटी. दुपारी थांबण्यासाठी खोली आहे. पगार : दरमहा 15,000 रुपये, पुढील महिन्याच्या 7 तारखेच्या आत बँकेत. सध्या पीएफ नाही. नेमणूकपत्र पहिल्या दिवशी. स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, विवाहित, अविवाहित, कोणत्याही जाती-धर्माची व्यक्ती अर्ज करू शकते. दिव्यांग व्यक्तींचे अर्ज स्वीकारले जातील. दाराशी दोन पायऱ्या आहेत, उतार बसवून देऊ. फोनवर बोलणे हा कामाचा मुख्य भाग आहे. फोटो नको. अर्जासाठी वा नेमणुकीसाठी कोणतेही पैसे घेतले जात नाहीत. मूळ प्रमाणपत्रे दाखवून परत नेता येतील.’

पहिल्या मजकुराहून हा लांब आहे आणि पेपरात छापायला खर्च जास्त. म्हणून पेपरात काम, पात्रता, वेळ, पगार आणि ‘कोणीही अर्ज करू शकते’ एवढेच दिले. पूर्ण मजकूर दवाखान्याच्या दारावर आणि वस्त्यांमध्ये लावला.

अर्ज आल्यावर कंपाउंडरने प्रत्येकाला क्रमांक दिला आणि नावाचा भाग दुमडून चिकटवला. डॉक्टरांसमोर फक्त क्रमांक गेले. बोलावलेल्या सर्वांना एकच परीक्षा : पाच रुग्णांची नावे ऐकून लिहायची, एक चिडलेला फोन घ्यायचा आणि दिवसाच्या पावत्यांची बेरीज करून गल्ल्याशी जुळवायची. गल्ल्यात आम्ही मुद्दाम 50 रुपये कमी ठेवले होते. काहींनी बेरीज ओढूनताणून जुळवली. ज्यांनी "साहेब, 50 कमी येतात" असे सांगितले, त्यांना पूर्ण गुण. ही पद्धत निर्दोष नाही. समोर बसल्यावर चेहरा दिसतोच, बोलीही कळते. पण निदान पहिली चाळणी आडनावाची राहत नाही आणि शेवटचा निर्णय कागदावरच्या गुणांनी होतो.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. पहिल्या क्रमांकावर 36 वर्षांची, दोन मुलांची आई होती. आवाज जरा पडलेला होता. "वकीलसाहेब, आपली नाही हो. आपली पोरगी दुसरी आली, दोन गुणांनी." खोटे कशाला बोलू, क्षणभर आम्हालाही टोचले. पण ‘अविवाहित तरुणी’ छापले असते, तर ही बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंतही आली नसती. दुसऱ्या आलेल्या मुलीला तिचे गुण दाखवले गेले. ती का मागे पडली, हे तिला कळले. तिच्या आडनावाचा त्यात भाग नव्हता, हेही कळले. आमच्या किती पोरींना आजवर असा नकार मिळाला आहे?

एक शेवटची गोष्ट, वकील म्हणून. कायद्याच्या नजरेत जाहिरात म्हणजे करार नव्हे. ते अर्ज करण्याचे निमंत्रण आहे. त्यातले प्रत्येक वचन आपोआप बंधनकारक होत नाही. म्हणून जाहिरातीतल्याच ओळी, म्हणजे काम, वेळ, पगार आणि कोणती कामे नाहीत ते, नेमणूकपत्रात सहीनिशी उतरवून घ्या आणि जाहिरातीचे कात्रण त्याच्यासोबत जपून ठेवा. आणि एखाद्या जाहिरातीत ‘पडेल ते काम’ दिसले, तर कामावर रुजू होण्यापूर्वी शांतपणे विचारा, "साहेब, झाडू कोण मारणार?"